पाच बरगड्या मोडल्या की तीन: कोणाची छाती जास्त धोक्यात?

शेजारशेजारच्या खाटांवर दोन जखमी आहेत असं समजा. पहिला शिडीवरून पडलाय. त्याच्या उजव्या बाजूच्या पाच बरगड्या मोडल्यात, प्रत्येक एकाच जागी. दुसऱ्याची छाती गाडीच्या स्टिअरिंगवर आदळली. त्याच्या डावीकडच्या पाचवी, सहावी आणि सातवी अशा तीनच बरगड्या मोडल्यात, पण प्रत्येक दोन जागी: एकदा पुढे आणि एकदा काखेच्या मागे. दोघांचे नातेवाईक बाहेर भेटले, तर तीनवाला म्हणेल, "आमचं थोडक्यात निभावलं." बहुतेक वेळा गोष्ट उलटी असते.

बरगडी एकाच जागी मोडली की तिचे दोन तुकडे होतात. मागचा तुकडा मणक्याला धरून असतो, पुढचा छातीच्या मधल्या हाडाला. म्हणजे दोन्ही तुकड्यांना एकेक बूड शिल्लक असतं. श्वास घेताना मोडलेली टोकं एकमेकांवर घासतात, कळ जीव घेते, पण छातीची भिंत अख्खी एकाच दिशेने हलते. कमी हलते, इतकंच. दोन जागी मोडलेल्या बरगडीचा मधला तुकडा मात्र कशालाच जोडलेला राहत नाही. अशी एकच बरगडी असेल तर वरची-खालची धड बरगडी त्या तुकड्याला सांभाळून घेते. लागोपाठच्या तीन असतील तर मधले तिन्ही तुकडे मिळून भिंतीतलं एक बेट तयार होतं, फक्त स्नायू आणि कातडीवर लटकलेलं. यालाच फ्लेल चेस्ट म्हणतात. फ्लेल म्हणजे धान्य झोडपायचं जुनं अवजार, काठीच्या टोकाला सैल बांधलेलं दुसरं दांडकं. नाव अगदी चपखल आहे.

या नियमाला एक पळवाट आहे. पुढच्या बाजूला डावी-उजवीकडच्या बरगड्या एकेकाच जागी मोडल्या, तरी मधलं हाड दोन्हीकडून सुटतं आणि तेच बेट बनतं. छाती दाबून हृदय पुन्हा सुरू केलेल्या रुग्णांत हे दिसू शकतं. म्हणून मोडलेल्या जागा नुसत्या मोजू नयेत, भिंतीचा एखादा भाग सुटा झालाय का ते बघावं.

आता या बेटाची बाकीच्या छातीच्या उलट होणारी हालचाल. लोहाराचा भाता आठवा. त्याच्या चामड्यावर एक ठिगळ आहे आणि त्याची शिवण उसवत आलीय. भाता उघडला की आतला दाब कमी होतो आणि ठिगळ आत ओढलं जातं. दाबला की तेच ठिगळ बाहेर फुगतं. छातीत असंच होतं. फुफ्फुसाभोवतीच्या पोकळीतला दाब एरवीही बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असतो, पाण्याच्या साधारण 5 सेंटीमीटरने. सावकाश श्वास घेताना तो फरक 8 च्या आसपास जातो, आणि धाप लागलेल्या माणसात त्याहून कितीतरी जास्त. बाकीची छाती वर येते तेव्हा सुटा भाग आत खचतो. श्वास सोडताना आणि खोकताना तो बाहेर येतो. खोकल्याचा सगळा जोर कफ बाहेर ढकलण्याऐवजी त्या फुगवट्यात जिरतो. एका छोट्या चकतीची हालचाल म्हणून सोडून देऊ नये, ते याचसाठी.

हे बघायचं कसं? खाटेच्या पायथ्याशी जाऊन वाकायचं, डोळे रुग्णाच्या छातीच्या पातळीला आणायचे आणि पाचसहा श्वास नुसतं बघत राहायचं. बाजूने उजेड असेल तर आत जाणाऱ्या भागाची सावली पडते. तळहात अलगद ठेवला तर हाडाची करकर जाणवते. पहिल्या काही तासांत काहीच दिसलं नाही, तरी निश्चिंत होऊ नये. दुखण्याने छातीचे स्नायू इतके आवळलेले असतात की ते बेटाला पकडून धरतात. ते थकले की हालचाल उघडी पडते. आणखी एक गल्लत होते: श्वासमार्ग तुंबलेल्या माणसातही छाती आत आणि पोट बाहेर असा झोपाळा दिसतो, पण तिथे दोन्ही बाजू सारख्याच खचतात, एक तुकडा वेगळा नसतो.

श्वास कुचकामी का ठरतो, ते आकड्यांत पटकन दिसतं. निरोगी प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा घेतो. त्यातली 150 श्वासनळ्यांतच राहते, रक्तापर्यंत पोहोचत नाही. उरली 350. मिनिटाला 14 श्वास धरले तर कामाची हवा 4,900 मिलिलिटर. आपला स्टिअरिंगवाला दुखण्यामुळे आणि खचणाऱ्या भिंतीमुळे 250 च घेतोय, आणि भरपाई म्हणून मिनिटाला 28 वेळा. एकूण हवा तेवढीच, 7,000. पण दर श्वासात त्याच्या कामाला येते फक्त 100, म्हणजे मिनिटाला 2,800. मेहनत दुप्पट, हाती पडतं निम्म्याहून थोडं जास्त.

तरीही सगळा दोष त्या हालचालीवर टाकता येत नाही. पूर्वी असं शिकवत की हवा एका फुफ्फुसातून दुसऱ्यात नुसती झुलत राहते, म्हणून रुग्ण गुदमरतो. पुढे हे चित्र मुख्य कारण म्हणून टिकलं नाही. खरा घात बहुधा त्या बेटाखाली असतो: फुफ्फुसाला बसलेला मुका मार. बरगड्या दोन जागी तोडणारा धक्का फुफ्फुसाला सोडत नाही. हवेच्या बारीक पिशव्यांत रक्त आणि पाणी भरतं. तिथून जाणारं रक्त ऑक्सिजन न घेताच परत फिरतं, म्हणून मास्क लावूनही रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा हवा तितका चढत नाही. पहिला एक्स-रे जवळजवळ स्वच्छ असू शकतो. मग 24 ते 48 तासांत पांढरे ढग दिसू लागतात आणि श्वास बिघडत जातो. शिरेतून गरजेपेक्षा जास्त सलाइन गेलं तर सूज वाढते.

म्हणूनच नातेवाइकांची "छातीला पट्टा आवळून बांधा ना" ही मागणी आता डॉक्टर मानत नाहीत. पट्ट्याने बेट थोडं दबेल, पण त्यासोबत उरलेली छातीही जखडेल. भर असतो वेदना मोडण्यावर: पाठीतून किंवा बरगड्यांच्या नसांजवळ भूल, बसवून खोल श्वास, खोकायला आधार. काही निवडक रुग्णांत बरगड्यांवर धातूच्या पट्ट्या बसवतात.

पहिल्या रुग्णालाही हे सगळं लागू आहे. वय जास्त असेल तर एकेक जागी मोडलेल्या पाच बरगड्यांची वेदनाच न्यूमोनियाला पुरते. पण त्याची भिंत त्याच्याबरोबर हलतेय. दुसऱ्याचे स्नायू दुसऱ्या रात्री थकतात, श्वास 28 वरून 36 वर जातो, बोलताना दोन शब्दांवर थांबावं लागतं आणि आतापर्यंत वाकून शोधावी लागणारी ती सावली दारातूनही दिसते. नळी घालून व्हेंटिलेटर लावला जातो. मशीन हवा आत ढकलू लागताच दाब आतून येतो आणि तो तुकडा बाकीच्या छातीबरोबर वर उचलला जातो. नंतर पाळीवर आलेल्याला छाती अगदी सरळ हलताना दिसते. बरगडी मात्र एकही जुळलेली नसते.