नमुन्यातली टक्केवारी आणि तिच्या दोन कडा

निफाड तालुक्यात १२० कांदा उत्पादकांना विचारलं, तुमची स्वतःची कांदा चाळ आहे का? ८४ जण हो म्हणाले. येवल्यात १०० जणांना विचारलं, ५५ जण हो म्हणाले. आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत, पण नाशिक जिल्ह्यातल्या कुठल्याही छोट्या पाहणीचा निकाल असाच हातात येतो. इकडे ७० टक्के, तिकडे ५५ टक्के. मग ‘निफाड १५ टक्क्यांनी पुढे’ असं छापायचं का? या प्रश्नाचं उत्तर द्यायची रीत जवळपास तीनशे वर्षांत घडत गेली, आणि तिचे जुने-नवे थर आजही एकमेकांत मिसळलेले आहेत.

सर्वात जुना थर गणिती द म्वाव्ह्रचा. नाणं पुष्कळदा उडवलं तर छाप्यांची संख्या घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे पसरते, हे त्याने १७३३ मध्ये दाखवलं. फ्रेंच गणिती लाप्लासने ते उलट दिशेने वापरलं. खरं प्रमाण माहीत नाही, नमुन्यातलं प्रमाण तेवढं हातात आहे, तर खरं प्रमाण त्याच्या किती जवळ असेल? १८१२ च्या त्याच्या ग्रंथात याचं जे उत्तर आहे, तेच आज कॉलेजात पहिल्यांदा शिकवतात:

```
p ± 1.96 × √( p(1−p)/n )
```

निफाडसाठी p म्हणजे ८४ भागिले १२०, म्हणजे ०.७०. उरलेले ०.३०. दोघांचा गुणाकार ०.२१, त्याला १२० ने भागलं की ०.००१७५. याचं वर्गमूळ ०.०४१८, ही झाली स्टँडर्ड एरर, म्हणजे नमुना बदलला की प्रमाण साधारण किती हलेल याचं माप. ९५ टक्के खात्रीसाठी तिला १.९६ ने गुणलं की ०.०८२. म्हणजे ७० टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे ८.२ टक्के: ६१.८ ते ७८.२. येवल्यासाठी ०.५५ गुणिले ०.४५ भागिले १००, म्हणजे ०.००२४७५. वर्गमूळ ०.०४९७, आणि पट्टा ४५.२ ते ६४.८.

आता इथे हमखास घोटाळा होतो. निफाडचा पट्टा ६१.८ ला सुरू होतो, येवल्याचा ६४.८ ला संपतो. दोन्ही एकमेकांवर चढलेत, म्हणून ‘फरक सिद्ध होत नाही’ असं लोक लिहून टाकतात. छापील अहवालांतही हे वाक्य दिसतं, आणि ते चूक आहे. फरकाचा पट्टा वेगळा काढावा लागतो. दोन नमुने एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर स्टँडर्ड एररची बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. वर्ग आपण वर काढलेलेच आहेत:

```
0.001750 + 0.002475 = 0.004225
√0.004225 = 0.065
1.96 × 0.065 = 0.127
0.15 ± 0.127
```

म्हणजे फरक २.३ ते २७.७ टक्के. शून्य या पट्ट्यात येत नाही, तेव्हा फरक आहे असं म्हणायला आधार आहे. पट्टे एकमेकांवर चढलेत का हे पाहणारा माणूस नकळत दोन्ही स्टँडर्ड एरर सरळ मिळवत असतो: ०.०४१८ अधिक ०.०४९७, म्हणजे ०.०९१५. दोन्ही नमुने एकाच वेळी विरुद्ध बाजूंना पुरेपूर चुकतील असं तो धरून चालतो. तसं क्वचितच घडतं. मात्र या पट्ट्याची रुंदीही विसरू नये. फरक २ टक्क्यांचाही असू शकतो आणि २७ चाही, त्यामुळे ‘१५ टक्क्यांनी पुढे’ हे वाक्य एवढ्या पाहणीला झेपत नाही.

लाप्लासच्या सूत्रातली खोट छोट्या आकड्यांत उघडी पडते. एका गावात २० जणांना विचारलं आणि एकाचीच चाळ निघाली, तर पट्टा येतो उणे ४.६ ते १४.६ टक्के. उणे टक्के शेतकऱ्यांकडे चाळ असणं शक्यच नाही. कारण असं की स्टँडर्ड एररमध्ये आपण नमुन्यातलं p घालतो, आणि ते स्वतःच डळमळीत असतं. अमेरिकेतल्या एडविन विल्सनने १९२७ मध्ये प्रश्न फिरवला. खरं प्रमाण काय-काय असू शकेल, की ज्यामुळे २० मध्ये १ दिसणं फार विचित्र वाटणार नाही? असा विचार केला की स्टँडर्ड एररमध्ये खरं प्रमाण बसतं, वर्गसमीकरण तयार होतं, आणि त्याची दोन उत्तरं म्हणजेच पट्ट्याच्या दोन कडा. याच गावासाठी त्या येतात ०.९ आणि २३.६ टक्के. पट्टा एका बाजूला झुकलेला आहे, आणि तसाच तो असायला हवा. विल्सनची रीत कित्येक दशकं मागे पडून राहिली. १९९८ मध्ये अ‍ॅग्रेस्टी आणि कूल यांनी तिची बाजू जोरात मांडली, आणि त्याच वर्षी न्यूकम्बने विल्सनच्या कडा वापरून फरकाचा पट्टा काढायची रीत दिली. आपल्या निफाड-येवला उदाहरणात ती २.२ ते २७.३ देते, जुन्या उत्तराच्या अगदी जवळ. नमुने मोठे आणि प्रमाण मधलं असेल, तर जुन्या सूत्राने फारसं बिघडत नाही.

या पट्ट्यामागची ‘विश्वास अंतराल’ ही कल्पना रीतसर मांडली ती पोलिश संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमनने, १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात. त्याच्या मते ९५ टक्के हे या एका पट्ट्याबद्दलचं विधान नाही, रीतीबद्दलचं आहे. ही रीत पुन्हा पुन्हा वापरली, तर शंभरातले सुमारे ९५ पट्टे खऱ्या आकड्याला कवेत घेतील. सभेत ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ बाउलीला ही विश्वासाची गोष्ट हातचलाखी तर नाही ना, अशी शंका आली होती.

पण त्या निबंधाचा मोठा भाग नमुना कसा निवडायचा यावर आहे. इटलीत जिनी आणि गाल्वानी या संख्याशास्त्रज्ञांनी १९२१ च्या जनगणनेच्या २१४ विभागांतून २९ विभाग देशाच्या काही सरासऱ्यांशी जुळवून मुद्दाम निवडले होते. त्या सरासऱ्या जुळल्या, बाकीच्या बाबतीत मात्र नमुना देशापासून दूर गेला. नेमनने दाखवून दिलं की चिठ्ठ्या टाकून केलेल्या निवडीशिवाय पट्ट्याला अर्थ नाही. त्या सुमारास लंडनमध्ये शिकणारे साताऱ्याकडचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९३५ मध्ये हाच विषय पुढे नेला, आणि नंतर भारतात पीक कापणी प्रयोगांतून पिकांच्या अंदाजासाठी नमुना पाहणी रुजवली.

नाशिकमध्ये याचा अर्थ असा. ऑगस्टमध्ये लासलगावच्या बाजार समितीत उभं राहून १२० जणांना विचारलं, तर चाळवालेच जास्त भेटणार. ज्यांच्याकडे साठवणुकीची सोय नाही, त्यांनी उन्हाळ कांदा आधीच विकलेला असतो. अशा ठिकाणी सूत्र बरोबर लावूनही उत्तर चुकतं.

दुसरी गोष्ट गावांची. १२० जण सहा गावांतले आणि १०० जण पाच गावांतले असतील, प्रत्येक गावात २०, तर एका गावातले शेतकरी एकमेकांसारखे असतात: शेजाऱ्याने अनुदान घेऊन चाळ बांधली की दुसराही बांधतो. हा सारखेपणा शून्य ते एकच्या मापावर ०.१ इतका धरला, तर वर्गांची बेरीज १ + १९ × ०.१, म्हणजे २.९ पट होते. स्टँडर्ड एरर ०.०६५ वरून ०.१११ वर जाते आणि फरकाचा पट्टा होतो उणे ६.७ ते ३६.७ टक्के. आता शून्य आत आलं. म्हणून पाहणीच्या कागदावर शेतकऱ्यांच्या संख्येशेजारी गावांची संख्याही लिहावी, आणि पट्टा तिच्यावरून काढावा.