वर्णलवक पुन्हा हिरवे होते का? लवकांच्या रूपांतरामागचा वाद

लवके म्हणजे वनस्पतीच्या पेशीतली रंग किंवा अन्न सांभाळणारी अंगके. हिरवे ते हरितलवक, पिवळे-तांबडे ते वर्णलवक, बिनरंगी ते श्वेतलवक, आणि श्वेतलवकांपैकी स्टार्च साठवणारे ते अमायलोप्लास्ट, ही मांडणी मुळात 1883 च्या सुमारास झाली. ज्यांनी ती केली त्यांनी हे तीन अलग वंश मानले नव्हते. लवक नव्याने घडत नाही, आधीच्या लवकाच्या विभाजनातूनच येते, आणि एका प्रकाराचे दुसरे होऊ शकते, हे त्यांनी त्याच वेळी सांगितले होते. पाठ्यपुस्तकांत तक्ता टिकला आणि रूपांतराचा मुद्दा तळटीपेत गेला. पुढच्या बऱ्याच गोंधळाचे मूळ इथे आहे.

मधल्या काळातल्या दोन गोष्टी पुरेशा आहेत. 1962 मध्ये हरितलवकात स्वतःचा डीएनए असल्याचा भक्कम पुरावा मिळाला. 1980 च्या दशकात टोमॅटोच्या पानातल्या हरितलवकांचा आणि पिकलेल्या फळातल्या वर्णलवकांचा डीएनए ताडून पाहिला, तर दोन्हींत जनुके तीच निघाली. म्हणजे पिकताना लवकाची जनुके गळून पडत नाहीत. काहींनी 1990 च्या सुमारास असे मांडले की वर्णलवकाच्या डीएनएवर मिथाइल गट बसतात आणि जनुके बंद पडतात. इतरांना ते गट सापडले नाहीत आणि तो धागा मागे पडला. तसेही लवकाला लागणारी बहुतांश प्रथिने पेशीकेंद्रातल्या जनुकांवरून बनून बाहेरून आत येतात, त्यामुळे लवकाने कोणते रूप घ्यायचे याचा निर्णय मुख्यतः बाहेर होतो.

खरा वाद वर्णलवकाच्या दर्जाचा होता. वर्णलवक म्हणजे हरितलवकाचे म्हातारपण, की तो स्वतःच एक कामाचा, घडवलेला प्रकार? पहिल्या बाजूचे म्हणणे दिसायला सरळ होते. फळ पिकताना हरितद्रव्य जाते, प्रकाशसंश्लेषणाचे पडदे विस्कटतात, रायबोसोम कमी होतात, स्टार्च संपतो. पिवळ्या पडणाऱ्या पानातही हेच दिसते. मग दोन्हींना एकाच खात्यात का टाकू नये? बराच काळ तसेच चालले, आणि शिशिरातल्या पानातली पिवळी लवकेही वर्णलवक म्हणूनच मोजली गेली.

या समजाला सूक्ष्मदर्शकानेही हातभार लावला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ऊती रेझिनमध्ये बसवण्याआधी तिच्यातले पाणी अल्कोहोल किंवा ॲसिटोनने काढावे लागते, आणि कॅरोटिनॉइड ही पिवळी-तांबडी रंगद्रव्ये याच द्रावकांत विरघळतात. टोमॅटोच्या वर्णलवकातले लायकोपीन या लाल कॅरोटिनॉइडचे लांब स्फटिक त्यात धुऊन जातात आणि मागे फक्त नागमोडी पडदे व रिकाम्या फटी उरतात. असे चित्र पाहून आतले सगळे मोडून पडले आहे असे वाटणे साहजिक होते. ताज्या छेदात दृश्य वेगळे असते. पण छेद साध्या पाण्यात ठेवला तर लवके पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, म्हणून तो सुमारे 0.4 मोलर सुक्रोज किंवा मॅनिटॉलच्या द्रावणात ठेवावा लागतो. मग साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातही सुईसारखे तांबडे स्फटिक स्वच्छ दिसतात. छेदात मोकळे गोल नारिंगी थेंब तरंगताना दिसले, तर लवके फुटली आहेत असे समजून नवा छेद घ्यावा.

1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात शिशिरातल्या पानातल्या लवकाला जेरोंटोप्लास्ट हे वेगळे नाव दिले गेले. अनेकांना ती निव्वळ बारशाची हौस वाटली. माझ्या मते त्या निर्णयाने वाद सुटण्याजोगा झाला, कारण फरक मोजता येण्यासारखा आहे. पिवळ्या पानात नवे कॅरोटिनॉइड जवळजवळ बनत नाहीत. हिरवे गेल्यामुळे आधीचेच उघडे पडतात, आणि लवक आकसत जाते. टोमॅटोत मात्र पिकताना फायटोइन हा कॅरोटिनॉइडचा पहिला कच्चा टप्पा बनवणाऱ्या एन्झाइमचे जनुक जोरात चालू होते, लायकोपीनला पुढे बीटा-कॅरोटीनमध्ये नेणारी एन्झाइमे मंदावतात आणि लायकोपीन साचत जाते. ते ज्या पडद्यांत साचते तेही जुने थायलकॉइड, म्हणजे प्रकाशसंश्लेषणाचे पडदे, नसतात, मोठ्या प्रमाणात लवकाच्या आतल्या आवरणापासून नव्याने तयार होतात. एकीकडे मोडतोड, त्याच वेळी दुसरीकडे बांधकाम. मरणपंथाला लागलेले अंगक असा खर्च करत नाही.

ही दोन कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत याचा सर्वांत बोलका पुरावा टोमॅटोच्या एका उत्परिवर्ती वाणात आहे. त्याचे फळ पिकल्यावर लाल न होता तपकिरी होते. 2008 मध्ये कारण स्पष्ट झाले: हरितद्रव्याच्या विघटनाला लागणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक त्यात बिघडलेले आहे. लायकोपीन नेहमीसारखे बनते, हरितद्रव्य मात्र जात नाही, आणि लालवर हिरवे बसून तपकिरी रंग येतो. त्या फळाच्या एकाच लवकात थायलकॉइडचे थर आणि लायकोपीनचे स्फटिक शेजारी शेजारी दिसतात. उलट बाजूचा बिघाड तापमानाने होतो. सुमारे 30 अंश सेल्सियसच्या वर फळ ठेवले तर हरितद्रव्य जाते, पण लायकोपीन नीट बनत नाही, आणि फळ पिवळट-नारिंगीवर अडकते. पिकण्याच्या ‘एका’ प्रक्रियेचे असे दोन तुकडे पडलेले दिसल्यावर म्हातारपणाची उपमा टिकत नाही.

तरीही एक प्रश्न राहतो: परतीची वाट आहे का? इथे उत्तर फळागणिक बदलते. व्हॅलेन्सिया जातीची संत्री झाडावर पूर्ण नारिंगी झाल्यानंतर वसंतात, नवी पालवी फुटण्याच्या सुमारास, देठाकडून पुन्हा हिरवी होऊ लागतात. आतला रस पक्वच असतो, बदल फक्त सालीच्या बाहेरच्या थरात होतो. 1980 च्या दशकात सालीचे तुकडे कापून पोषक माध्यमावर ठेवून याचा माग काढला गेला. माध्यमात सुक्रोज जास्त असले की तुकडे पिवळे होतात, सुक्रोज कमी केले की हिरवे होऊ लागतात, आणि नायट्रोजन भरपूर दिले तर साखरेचा परिणाम बराचसा पुसला जातो. झाडावरही असेच घडते. थंडीत सालीत साखर साचते तेव्हा नारिंगी रंग चढतो, आणि वसंतात साखर उतरून नायट्रोजनचा पुरवठा वाढला की हिरवा रंग परततो. त्यामुळे उशिरा दिलेले नायट्रोजन खत आणि जिबरेलिन या वनस्पती-संप्रेरकाची फवारणी, दोन्हींनी पुन्हा हिरवे होणे वाढते. अशी फळे सुमारे 5 पीपीएम इथिलीनच्या खोलीत ठेवून हिरवेपणा घालवता येतो, पण इथिलीन तिथे हरितद्रव्य मोडण्याचे काम करते, नारिंगी रंग फारसा वाढवत नाही. आणि दुसऱ्यांदा हिरवे झालेले फळ या उपचाराला पहिल्यासारखी दाद देत नाही.

विरोधकांचा आक्षेप रास्त होता. साल हिरवी झाली म्हणजे तेच वर्णलवक हिरवे झाले हे कशावरून? जुनी वर्णलवके मरून पूर्वलवकांपासून, म्हणजे अजून कोणतेच रूप न घेतलेल्या लहान लवकांपासून, नवी हरितलवके आली नसतील कशावरून? हे ओळखायला मधल्या अवस्था पाहाव्या लागतात. नवे हरितलवक असेल तर ते लहान असेल आणि त्यात कॅरोटिनॉइडचे मोठे थेंब नसतील. जुनेच परतत असेल तर त्याच आवरणाच्या आत मोठे थेंब आणि त्यांच्यामधून आकार घेणारे थायलकॉइड, असे दोन्ही एकत्र दिसले पाहिजेत. भोपळ्याच्या फळात 1974 मध्ये नेमके हेच दिसल्याचे प्रसिद्ध झाले, आणि संत्र्याच्या सालीतली चित्रेही याच बाजूची आहेत.

टोमॅटोत पुढे कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाने हेच उलट्या दिशेने तपासले गेले. 488 नॅनोमीटरच्या प्रकाशाने छेद उजळला की हरितद्रव्य साधारण 650 च्या पुढे तांबडे चमकते, तर कॅरोटिनॉइडची चमक 500 ते 600 च्या दरम्यान मिळते. एकाच लवकातून दोन्ही चमक आली तर ते मधल्या अवस्थेत आहे. पिकणाऱ्या फळात अशी लवके मिळाली, आणि वर्णलवके आधीच्या हरितलवकांपासूनच येतात हे टोमॅटोपुरते पक्के झाले. हे सगळ्या वनस्पतींना लावणे मात्र चूक. गाजरात वर्णलवके बिनरंगी लवकांपासून तयार होतात, आणि तंबाखूच्या फुलातल्या मधुग्रंथीत अमायलोप्लास्टचे थेट वर्णलवक होते. स्टार्च मोडून मकरंदाची साखर होते आणि त्याच लवकात बीटा-कॅरोटीन जमते, मध्ये हिरवा टप्पा येतच नाही.

अमायलोप्लास्टची हिरवी वाट बटाट्यात दिसते. कंदावर काही दिवस प्रकाश पडला की सालीखालच्या काही मिलिमीटरमधल्या अमायलोप्लास्टांत थायलकॉइड तयार होतात. स्टार्चचा कण जागेवरच राहतो, आणि आयोडीन टाकले तर हिरव्या लवकात निळा-काळा डाग दिसतो. प्रकाशाने सोलॅनिनसारखी विषारी द्रव्येही वाढतात, पण ती वेगळ्या मार्गाने बनतात. म्हणून हिरवा रंग धोक्याची खूण आहे, विषाचे माप नाही. बटाटा परत अंधारात ठेवला तरी हिरवेपणा झटकन जात नाही.

गेल्या काही वर्षांत लक्ष लवकाच्या दारावर गेले आहे. 2012 मध्ये ॲराबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीत बाहेरच्या आवरणातले एक प्रथिन सापडले. प्रथिने आत घेणाऱ्या दारांवर ते युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावते आणि मग ती दारे मोडून काढली जातात. प्रकाशसंश्लेषणाची प्रथिने घेणारी दारे हटली की आत येणारा माल बदलतो, आणि मालाबरोबर लवकही. 2021 मध्ये टोमॅटोत त्याच प्रथिनाचे प्रमाण कमी केले तेव्हा पिकणे लांबले, वाढवले तेव्हा लवकर झाले. त्याच्या आदल्या वर्षी पानातल्या हरितलवकात फायटोइन बनवणारे जीवाणूचे एन्झाइम भरपूर घातले गेले, आणि पान काही दिवसांत पिवळे होऊन त्यातली लवके वर्णलवकांसारखी झाली. त्यासाठी लवकाची प्रकाशसंश्लेषणाची क्षमता आधी खालावावी लागते. नुसते कॅरोटिनॉइड ओतून भागत नाही.

पिकलेला लाल टोमॅटो मात्र आजही हिरवा करता आलेला नाही. तिथे फळाची भिंतच मऊ होत जाते आणि लवकाला परतायला वेळ उरत नाही, हे एक स्पष्टीकरण दिले जाते. संत्र्याची साल महिनोन्‌महिने जिवंत आणि घट्ट राहते, हा फरक त्याच्याशी जुळतो. पण लवकातच काही कायमचे बंद होते की भोवतालची पेशी आधी संपते, याचा निर्णायक प्रयोग अजून झालेला नाही. टोमॅटोपुरता वर्णलवक हा शेवटचा टप्पा मानणाऱ्यांना एवढी जागा अजून आहे.