एस्टरीकरणातील समतोल: जादा अल्कोहोल आणि पाण्याचे निष्कासन

कार्बोक्सिलिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून एस्टर व पाणी तयार होण्याची अभिक्रिया उलटही घडते. त्यामुळे ती पूर्णत्वास न जाता मध्येच समतोलावर थांबते. तिला उत्पादाच्या दिशेने ढकलण्याचे नेहमीचे दोन उपाय म्हणजे अल्कोहोल जादा घेणे आणि तयार होणारे पाणी काढून टाकणे. प्रयोगाच्या अहवालात या दोन्हींचे कारण बहुधा ‘ल शातेलिएच्या तत्त्वानुसार’ एवढ्या एका वाक्यात उरकले जाते. पण ते तत्त्व समतोल कोणत्या दिशेला सरकेल एवढेच सांगते; तो का आणि किती सरकतो, हे समतोल स्थिरांकावरूनच कळते.

अ‍ॅसिटिक आम्ल आणि इथेनॉल यांचे उदाहरण घेऊ.

CH₃COOH + C₂H₅OH ⇌ CH₃COOC₂H₅ + H₂O

या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक K सुमारे ४ आहे. एस्टर आणि पाणी यांच्या संहतींच्या गुणाकाराला आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संहतींच्या गुणाकाराने भागले की कोणत्याही क्षणीचे गुणोत्तर Q मिळते. दोन्ही बाजूंना रेणूंची संख्या सारखीच असल्याने आकारमान कटते आणि थेट मोल वापरता येतात. समतोलावर Q हे K एवढे होते. दोन्ही पदार्थ १-१ मोल घेतले आणि तयार झालेले एस्टर x मोल मानले, तर x² / (1 − x)² = 4 यावरून x = ०·६७ येते. म्हणजे एक तृतीयांश आम्ल तसेच उरते. बर्थेलो आणि पेआं द सँ-झील यांनी १८६२ च्या सुमारास केलेल्या मोजमापांतही अभिक्रिया जवळपास दोन तृतीयांशावरच थांबलेली दिसली होती.

आता १ मोल आम्लाला ३ मोल इथेनॉल घेऊ. Q च्या छेदातील अल्कोहोलचा वाटा वाढल्यामुळे Q हे K पेक्षा लहान होते. ते पुन्हा ४ पर्यंत येण्यासाठी आणखी एस्टर तयार व्हावे लागते. x² / [(1 − x)(3 − x)] = 4 हे समीकरण सोडवल्यास x = ०·९० मिळते. १० मोल इथेनॉल घेतले तर ०·९७. पहिल्या वाढीने बराच लाभ होतो, नंतरच्या मोठ्या वाढीने फारच थोडा; शिवाय ते जादा अल्कोहोल पुढे एस्टरपासून वेगळे करावे लागते. K मात्र तिन्ही वेळा ४ च राहतो. ‘जादा अल्कोहोलमुळे K वाढला’ हे वाक्य म्हणूनच चूक आहे. जादा घेतलेले अल्कोहोल शुष्क असावे लागते, हेही विसरू नये. नेहमीच्या रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये वजनाने सुमारे ४·४ टक्के पाणी असते. ३ मोल इथेनॉलबरोबर ते सुमारे ०·३५ मोल पाणी आणते आणि x ०·९० वरून ०·८७ वर उतरतो.

पाणी काढण्याचा उपाय याच गुणोत्तराच्या अंशावर काम करतो. १-१ मोलच्या मिश्रणात पाणी केवळ ०·०५ मोल राहू दिले, तर x सुमारे ०·८९ होतो. ०·०१ मोलवर आणले, तर ०·९५. अल्कोहोल एक थेंबही न वाढवता हे साधते. मात्र इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळत असल्याने साधा डीन-स्टार्क सापळा इथे निरुपयोगी ठरतो. १-ब्युटेनॉलसाठी तो चांगला चालतो. उकळत्या मिश्रणाची वाफ थंड झाली की सापळ्यात दोन थर होतात. जास्त घनतेमुळे पाणी खाली साचते आणि ब्युटेनॉल व एस्टरचा वरचा थर फ्लास्कमध्ये परत जातो.

सापळ्यावरच्या खुणा हा अहवालासाठी उत्तम पुरावा आहे. १५ ग्रॅम म्हणजे ०·२५ मोल अ‍ॅसिटिक आम्ल पूर्ण वापरले गेले, तर ४·५ मिली पाणी अपेक्षित असते. पाण्याची पातळी २ मिलीवरच अडली असेल, तर अभिक्रिया अर्धवट आहे किंवा पाणी सापळ्यापर्यंत पोहोचतच नाही. आकडा ४·५ च्या वर गेला, तर तो शंभर टक्क्यांहून अधिक रूपांतराचा पुरावा नव्हे. खालच्या थरात थोडे ब्युटेनॉल विरघळते, आणि आम्लाच्या सान्निध्यात ब्युटेनॉलपासून ईथर होतानाही पाणी सुटते. म्हणून उरलेल्या आम्लाचे सोडियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करून पडताळा घ्यावा, आणि त्यातून उत्प्रेरक आम्लाचा वाटा वजा करावा.

तो उत्प्रेरक, म्हणजे संहत सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब, समतोल लवकर गाठून देतो, त्याची जागा बदलत नाही. प्रमाण बरेच वाढवले तर सल्फ्युरिक आम्ल पाणी धरून ठेवते आणि तेव्हा समतोलही सरकतो. पण ते उत्प्रेरकाचे काम नव्हे, आणि अहवालात या दोन भूमिका वेगळ्या लिहिल्या पाहिजेत. शेवटी हाती आलेल्या एस्टरचे टक्के काढताना आधार आम्लाचा घ्यावा, कारण जादा अल्कोहोल घेतल्यावर मर्यादक पदार्थ तेच असते. हा आकडा अनुमापनाने काढलेल्या रूपांतरापेक्षा कमी आला, तर दोष समतोलाला देऊ नये. बायकार्बोनेटने धुताना आणि ऊर्ध्वपातन करताना काही एस्टर वाया जातेच.