सोन्याचा समांतर बाजार आणि डिस्काउंट

दोन देशांतील आयात शुल्कात मोठा फरक असला, की शुल्क चुकवून आलेल्या सोन्याचा समांतर बाजार उभा राहतो आणि त्याच्या दबावाखाली अधिकृत मालही आयातखर्चापेक्षा कमी भावाने विकावा लागतो. या घटीस डिस्काउंट म्हणतात. भारतात 1 जुलै 2022 रोजी सोन्यावरील शुल्क 15 टक्के झाले आणि 23 जुलै 2024 रोजी ते 6 टक्क्यांवर आणले गेले. या दोन तारखांमधील काळ हे यंत्रणा समजून घेण्याचे उत्तम उदाहरण आहे.

समजा, परदेशात एक किलो सोन्याची किंमत 60 लाख रुपये आहे. पंधरा टक्के शुल्क भरून बँकेमार्फत आलेले सोने 69 लाखांना पडते. चोरट्या मार्गाने आणणाऱ्याला वाहकाचा मोबदला, हवालाचा खर्च आणि मुद्देमाल पकडला जाण्याची जोखीम मिळून 3 लाख लागतात असे धरले, तर त्याला ते 63 लाखांत पडते. 67 लाखांना विकूनही त्याच्याकडे 4 लाख उरतात. अधिकृत आयातदारास मग 69 वर अडून बसता येत नाही. शुल्क 6 टक्के झाल्यावर अधिकृत खर्च 63 लाख 60 हजार होतो आणि चोरट्याच्या हाती जेमतेम 60 हजार राहतात.

बिलाविना विक्रीत 3 टक्के जीएसटीही वाचतो, पण त्यासाठी साखळीतील प्रत्येकाने कच्च्या पावतीवरच व्यवहार करावा लागतो. सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आल्यावर लगीनसराईची खरेदी करणाऱ्या जालना-लातूरच्या गिऱ्हाईकाला कच्च्या पावतीवर भाव कमी पडतो खरा, परंतु दागिन्यावर हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक नसेल, तर पुढे दुसऱ्या पेढीवर मोड देताना शुद्धतेवरून घासाघीस ठरलेलीच.

डिस्काउंट मोजण्यासाठी लंडनचा डॉलरमधील भाव 31.1035 ग्रॅमच्या औंसावरून ग्रॅममध्ये आणून तो रुपयांत बदलतात, त्यात शुल्क मिळवतात आणि जीएसटीपूर्व स्थानिक भावाशी ताडून पाहतात. मात्र डिस्काउंट दिसला म्हणजे तस्करीच, असे मानणे घाईचे ठरेल. मराठवाड्यात दुष्काळी वर्षी घराघरांतून मोड बाजारात येते, नव्या सोन्याला गिऱ्हाईक राहत नाही आणि त्यानेही भाव आयातखर्चाखाली घसरतो. शुल्ककपातीची चाहूल लागली, तरी व्यापारी खरेदी थांबवतात आणि हीच घट दिसते. कपात प्रत्यक्षात आली, की जुन्या दराने शुल्क भरलेला साठा ज्याच्याकडे असेल, त्याला फरकाचा तोटा सोसावा लागतो.