916 चा शिक्का आणि हॉलमार्क, दोन्ही एकच समजू नका

लग्नसराई आली की घरोघरी हाच संवाद, "सोनं हॉलमार्कचं आहे ना?" "हो हो, 916 आहे." म्हणजे विचारलं एक आणि उत्तर दिलं दुसऱ्याच गोष्टीचं, पण दोघांचंही समाधान होतं 😄

कॅरेट म्हणजे सोन्याचं प्रमाण, बास. 24 भागांपैकी 22 भाग सोनं आणि बाकी तांबं, चांदी वगैरे असेल तर ते 22 कॅरेट, आणि 22 ला 24 ने भागलं की 0.916 येतं, तोच तो 916. तसंच 18 कॅरेटचं 750, आणि 14 चं भागून 583 येतं पण शिक्का 585 चा असतो. आता हा आकडा दागिन्यावर कोण ठोकतं हा खरा प्रश्न आहे, कारण नुसता 916 कोणीही मारू शकतो, आणि जुन्या दागिन्यांवर "916 केडीएम" दिसतं ना, तो सुद्धा बहुतेक वेळा सराफाचा स्वतःचाच शिक्का, सरकारी काही नाही. केडीएम म्हणजे दागिन्याचे भाग जोडताना कॅडमियमचं झाळण वापरायचे ते, त्यावरून शुद्धतेची गॅरंटी मिळत नाही.

हॉलमार्क म्हणजे तो आकडा तिसऱ्याने तपासलाय याची खूण. सराफ माल बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो या सरकारी संस्थेची मान्यता असलेल्या केंद्रात पाठवतो, तिथे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या एक्सआरएफ मशीनवर आणि नमुना काढून भट्टीत गाळून तपासणी होते, मग लेझरने खुणा उमटतात. 1 एप्रिल 2023 पासून तीनच खुणा: बीआयएसचा त्रिकोणी लोगो, 22K916 असं कॅरेट, आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नंबर, जो प्रत्येक डागाचा वेगळा असतो. खुणा एवढ्या बारीक असतात की नुसत्या डोळ्यांनी दिसत नाहीत, दुकानात भिंग मागायचं, ते त्यांनी ठेवलेलंच असतं, लाजायचं काही कारण नाही.

आणि उलटी गफलतही होते बरं का, हॉलमार्क आहे म्हणजे 22 कॅरेटच असं नाही, 18 चा पण हॉलमार्क असतो, म्हणून भाव लावताना मधला आकडा वाचा.

आता चेक कसं करायचं. मोबाईलवर BIS Care अॅप घ्या, त्यात Verify HUID मध्ये तो सहा अक्षरी नंबर टाका, की सराफाचा रजिस्ट्रेशन नंबर, कुठल्या केंद्रात तपासलं, तारीख, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार असं सगळं येतं. बहुतेक लोक नंबर "सापडला" की खूष होऊन अॅप बंद करतात, पण खरी मेख दागिन्याच्या प्रकारात आहे. खऱ्या अंगठीचा नंबर उचलून दुसऱ्याच चेनवर कोरला तर अॅप नंबर खराच दाखवणार, फक्त प्रकार "अंगठी" येणार आणि तुमच्या हातात चेन असणार! म्हणून प्रकार आणि कॅरेट दोन्ही जुळवा, आणि बिलावर निव्वळ वजन, कॅरेट नि हॉलमार्किंगचा चार्ज वेगवेगळा लिहून घ्या, पुढे भांडायची वेळ आली तर हाच कागद लागतो.

भांडून मिळतं काय? समजा 20 ग्रॅमची चेन 916 म्हणून घेतली आणि तपासणीत 875 निघाली. म्हणजे हजारी 41 कमी, 20 ग्रॅमवर 0.82 ग्रॅम शुद्ध सोनं कमी. हिशोबापुरता शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला 10,000 धरला तर फरक 8,200 रुपये, आणि बीआयएसच्या 2018 च्या नियमांप्रमाणे हॉलमार्कच्या मालात अशी घट निघाली तर फरकाच्या दुप्पट, म्हणजे 16,400 आणि वर तपासणीचा खर्च. नुसत्या 916 च्या शिक्क्यावर ही वाट नाही, तिथे तुम्ही आणि तुमचं बिल.

लोहचुंबक, व्हिनेगर वगैरे घरगुती उपायांवर फार भिस्त ठेवू नका. चुंबकाला चिकटलं तर आत लोखंडासारखा दुसरा धातू आहे हे नक्की, पण नाही चिकटलं तर काहीच कळत नाही, तांबं-पितळही चिकटत नाही. कसोटीचा दगड नि एक्सआरएफ दोन्ही वरचा थर वाचतात, त्यामुळे जाड मुलामा असेल तर फसायला होतं.

2 ग्रॅमच्या आतले डाग आणि कुंदन, पोलकी, जडावाचे दागिने हॉलमार्कच्या सक्तीतून वगळलेत, तिथे हॉलमार्क नसला म्हणून सराफ खोटा ठरत नाही. आजीच्या पाटल्या, बोरमाळ असं बिनहॉलमार्कचं जुनं सोनं असेल तर मोडायच्या आधी स्वतःच हॉलमार्किंग केंद्रात जा, चार डागांपर्यंत तपासणीची फी 200 रुपये ठरलेली आहे, रिपोर्ट घ्या आणि मग सराफाकडे. बोरमाळेच्या मण्यात लाख असते, तिचं वजन मात्र वेगळं काढायला लावा, ते कुठल्याच शिक्क्यात दिसत नाही.