सिमेन टेस्टला येण्याआधी एवढं वाचून या

मूल राहत नाही म्हटलं की सगळ्या तपासण्या बाईच्याच होतात, नवऱ्याची साधी सिमेन टेस्ट वर्षभर राहून जाते. आमच्या लॅबमध्ये हे नेहमी दिसतं, म्हणून हा कागद.

रिपोर्टमध्ये काउंट म्हणजे १ एमएलमध्ये शुक्राणू किती, आणि मोटिलिटी म्हणजे त्यातले हलणारे किती. डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या मापाने काउंट निदान १ कोटी ६० लाख, मोटिलिटी ४२ टक्के आणि सरळ पुढे जाणारे ३० टक्के पाहिजेत. पण याच्या खाली आलं म्हणजे मूल होणारच नाही असं नाही, आणि वर आलं म्हणजे नक्की होईल असंही नाही.

आता समजा हिंगण्याला भट्टीवर काम करणाऱ्या एका भाऊचा काउंट आला ९० लाख, सॅम्पल २ एमएल, म्हणजे एकूण १ कोटी ८० लाख, पाहिजे होते निदान ३ कोटी ९० लाख. घरात रडारड. विचारलं तर महिनाभरापूर्वी डेंग्यू झाला होता, ताप १०३, आणि वरून खर्रा दिवसाला चार पुड्या. शुक्राणू तयार होऊन बाहेर यायला साधारण तीन महिने लागतात, त्यामुळे आजचा रिपोर्ट त्या तापाचाही असू शकतो. अंडकोषांना अंगापेक्षा २-४ डिग्री सेल्सिअस थंडावा लागतो, म्हणून भट्टीची धग, मांडीवर तासन्‌तास लॅपटॉप, गरम पाण्याच्या टबात बसणं, हे सगळं काउंटला मारक ठरू शकतं. अशा वेळी खर्रा, सिगरेट बंद करायची, दारू कमी करायची, डॉक्टरांना दाखवायचं आणि तीन महिन्यांनी परत टेस्ट. आठ दिवसांत परत केली तर खर्रा सोडल्याचा फरक त्यात दिसणारच नाही.

जिमवाल्या पोरांनो, बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉन किंवा स्टेरॉइडची इंजेक्शनं घेत असाल तर डॉक्टरांना खरं सांगा, त्याने शुक्राणू बनणंच बंद पडू शकतं, काउंट शून्यावर येतो, आणि सोडल्यावर परत यायला कित्येक महिने जातात.

सॅम्पलचं म्हणाल तर आधी २ ते ७ दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको. साबण, तेल, थुंकी, साधा कंडोम काहीच वापरू नका, त्याने शुक्राणू मरतात नाहीतर मंदावतात आणि मोटिलिटी उगाच कमी दिसते. पहिल्या थेंबांतच सगळ्यात जास्त शुक्राणू असतात, ते सांडले तर लपवू नका, आम्हाला सांगा, कोणी हसणार नाही. घरून आणत असाल तर डबी शर्टाच्या आत अंगाला लावून, तासाभराच्या आत पोचवा, मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवून आणू नका.

काउंट शून्य आला, किंवा अंडकोषावर फुगलेल्या शिरा, गाठ, दुखणं असलं तर तीन महिने थांबू नका, युरोलॉजिस्टकडे लगेच जा.