बीटा अनलिव्हर आणि रिलिव्हर करणे

कंपनीच्या शेअरच्या बीटामधून कर्जामुळे आलेला भाग वेगळा काढणे म्हणजे बीटा अनलिव्हर करणे. उरलेल्या, निव्वळ धंद्याच्या बीटावर नव्या कर्ज-इक्विटी प्रमाणाचा भार पुन्हा चढवणे म्हणजे तो रिलिव्हर करणे. कंपनी कर्ज वाढवते किंवा फेडते तेव्हा जुन्या भाव-इतिहासातून मोजलेला बीटा पुढच्या काळाला लागू पडत नाही. म्हणून ही दोन पायऱ्यांची दुरुस्ती करावी लागते.

बाजाराचा निर्देशांक एक टक्का हलला की एखादा शेअर सरासरीने किती टक्के हलतो, याचे माप म्हणजे बीटा. त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक, धंदा मुळात किती चढ-उताराचा आहे. दुसरी, त्या धंद्यावर कर्ज किती आहे. दुसरी गोष्ट उदाहरणाने लवकर समजते. ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यात महाप्याला रसायने बनवणारी, शेअर बाजारात नोंदलेली एक काल्पनिक कंपनी घेऊ. धंद्याचा नफा वर्षाला ६० कोटी रुपये, कर्ज ३०० कोटी आणि व्याज १० टक्क्यांनी ३० कोटी. करापूर्वी भागधारकांसाठी ३० कोटी उरतात. मंदीत धंद्याचा नफा १० टक्क्यांनी घसरून ५४ कोटींवर आला, तर बँक तिचे ३० कोटी घेतेच आणि भागधारकांना २४ कोटी उरतात. धंदा १० टक्के पडला, पण भागधारक २० टक्के पडला. कर्ज निम्मे असते, तर ४५ कोटींचे ३९ कोटी झाले असते, म्हणजे घसरण साधारण १३ टक्के. कारखाना तोच, गिऱ्हाईक तेच. फक्त पंक्तीत भागधारकांच्या आधी बसलेल्या सावकाराचे ताट लहान झाले.

या विचाराचे मूळ फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर यांच्या १९५८च्या आणि, कराचा परिणाम नीट धरणाऱ्या, १९६३च्या लेखांत आहे. रॉबर्ट हमाडा यांनी १९७२ साली त्याची सांगड बीटाशी घातली, म्हणून प्रचलित सूत्राला हमाडा सूत्र म्हणतात :

```
βU = βE / [1 + (1 − t) × D/E]
βE = βU × [1 + (1 − t) × D/E]
```

यात βE हा शेअरचा बीटा, βU हा कर्जविरहित किंवा धंद्याचा बीटा, t हा कराचा दर, आणि D व E ही कर्जाची व इक्विटीची बाजारमूल्ये आहेत. E म्हणजे बाजारभावाने होणारे सर्व शेअरांचे मूल्य. ताळेबंदातले भाग भांडवल आणि राखीव निधी इथे चालत नाहीत. कर्जाचे बाजारमूल्य मात्र सहसा मिळत नाही, आणि कंपनी सुस्थितीत असेल तर बँक कर्जाची पुस्तकी रक्कम त्याच्या पुरेशी जवळ असते.

आता महाप्याच्या कंपनीचे पूर्ण गणित. गेली पाच वर्षे तिचे कर्ज सरासरी ३०० कोटी आणि शेअरांचे बाजारमूल्यही सरासरी ३०० कोटी होते, म्हणजे प्रमाण १. पाच वर्षांच्या मासिक परताव्यांवरून मोजलेला बीटा १.६० आला. भारतात २०१९ पासून कंपन्यांना मिळालेल्या सवलतीच्या पर्यायात २२ टक्के मूळ दर, अधिभार आणि उपकर धरून कर २५.१६८ टक्के होतो. आपण २५ टक्के धरू. १.६० ला १.७५ ने भागले की धंद्याचा बीटा ०.९१ येतो. कंपनी आता १५० कोटींचा राइट्स इश्यू आणून, म्हणजे आपल्याच भागधारकांना सवलतीच्या भावाने नवे शेअर विकून, तेवढेच कर्ज फेडते. कर्ज १५० कोटी, इक्विटी ४५० कोटी, प्रमाण एक तृतीयांश. ०.९१ ला १.२५ ने गुणले की नवा बीटा १.१४. सरकारी रोख्यांचा दर ७ टक्के आणि बाजाराचा जोखीम-अधिमूल्य दर, म्हणजे त्या रोख्यांहून बाजाराकडून अपेक्षित असलेला जादा परतावा, हाही ७ टक्के मानला, आणि बीटाने गुणलेला हा दुसरा दर पहिल्यात मिळवला, तर इक्विटीचा खर्च, म्हणजे भागधारकांना अपेक्षित असलेला परतावा, १८.२ टक्क्यांवरून साधारण १५ टक्क्यांवर येतो. काटेकोर माणूस इथे हटकेल की फेडलेल्या कर्जावरची करबचत गेली, तेव्हा इक्विटी पूर्ण ४५० कोटी राहणार नाही. त्याचे बरोबर आहे. करबचत कायमची मानली तर इक्विटी ४१२.५ कोटी आणि बीटा १.१६ येतो. फरक एवढाच, म्हणून पुढचे गणित ४५० वरच केले आहे.

सर्वांत जास्त चुका होतात त्या काळाच्या मेळात, आणि त्या सूत्र बरोबर लिहूनही होतात. राइट्स इश्यू होऊन एक वर्ष झाले आहे, असे समजा. विश्लेषक पुन्हा पाच वर्षांचे परतावे घेतो. त्यातले ४८ महिने जुन्या कर्जाचे आणि १२ महिने नव्या कर्जाचे आहेत, त्यामुळे बीटा साधारण १.५१ निघतो. मग तो ताज्या ताळेबंदातले प्रमाण, एक तृतीयांश, घेऊन १.५१ ला १.२५ ने भागतो आणि धंद्याचा बीटा १.२१ लिहितो. चूक इथेच पकडता येते. गेल्या वर्षी ०.९१ असलेला धंद्याचा बीटा या वर्षी १.२१ कसा झाला? रसायने तीच आहेत, कढया त्याच आहेत. भांडवलाची रचना बदलल्याने धंद्याचा बीटा हलता कामा नये. तो हलला तर भाजक चुकीच्या काळातून आला आहे. योग्य रीत म्हणजे ज्या काळातले परतावे, त्याच काळातले सरासरी प्रमाण. चार वर्षे १ आणि एक वर्ष एक तृतीयांश यांची सरासरी ०.८७ येते, भाजक १.६५ होतो आणि १.५१ ला त्याने भागले की पुन्हा ०.९१ मिळतो. राइट्स इश्यूनंतर भाव यांत्रिकपणे खाली येतो, म्हणून भावांची मालिकाही समायोजित हवी. नाहीतर तो एक महिना खोटी घसरण दाखवतो.

सरासरी काढायची तर कर्जाचा आकडा खरा हवा. नवी मुंबईतल्या मध्यम कारखान्यांचे बरेचसे कर्ज कॅश क्रेडिटचे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत हवे तेव्हा काढायच्या-भरायच्या खात्याचे असते, आणि ३१ मार्चच्या आसपास वसुली करून ते खाते खाली आणण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. वर्षातला एक दिवस पाहून वर्षभराचे कर्ज ठरवले तर प्रमाण कमी दिसते आणि धंद्याचा बीटा फुगतो. यासाठी सोपी तपासणी आहे. वर्षभरात भरलेल्या व्याजाला बँकेच्या दराने भागून सरासरी कर्ज काढावे. ते मार्चच्या आकड्यापेक्षा बरेच मोठे निघाले, तर तेच वापरावे. प्रवर्तकांनी दिलेल्या विनातारण कर्जाचा प्रश्न निराळा. त्यावर व्याज नियमित जात नसेल आणि बँकेच्या अटींनुसार ते काढताही येत नसेल, तर ते नावाने कर्ज पण वागण्याने इक्विटी असते.

हमाडा सूत्रात एक गृहीतक लपलेले आहे. कर्जाचा स्वतःचा बीटा शून्य, म्हणजे बाजार कितीही कोसळला तरी सावकाराला धक्का नाही. थोडे कर्ज असताना हे खपते. प्रमाण १ असलेल्या कंपनीत मात्र धंद्याची थोडी जोखीम बँकही उचलत असते. ती मोजायची तर सूत्र असे होते :

```
βU = [βE + βD × (1 − t) × D/E] / [1 + (1 − t) × D/E]
βE = βU + (βU − βD) × (1 − t) × D/E
```

महाप्याच्या कंपनीत जुन्या कर्जाचा बीटा ०.२५ मानला तर धंद्याचा बीटा १.०२ येतो. कर्ज निम्मे झाल्यावर बँक अधिक सुरक्षित होते, म्हणून नव्या कर्जाचा बीटा ०.१० घेतला की शेअरचा नवा बीटा १.२५ येतो. आधीच्या १.१४ शी तुलना केली तर इक्विटीच्या खर्चात सुमारे पाऊण टक्क्याचा फरक पडतो. मोठे कर्ज फेडणाऱ्या कंपनीत शून्याचे गृहीतक नेहमी याच दिशेने फसवते. फायदा आहे त्याहून मोठा दिसतो. कर्जाचा बीटा थेट मोजता येत नाही. कंपनीच्या रोख्याचा दर आणि सरकारी रोख्याचा दर यांतल्या फरकावरून तो अंदाजे धरतात. पण तो सगळा फरक जोखीम-अधिमूल्याने भागणे बरोबर नाही, कारण त्यात अपेक्षित बुडीताची भरपाईही असते.

दुसरे गृहीतक कराच्या पदात आहे. (1 − t) हे पद कर्जाची रक्कम ठरलेली आहे असे मानते. कर्ज धंद्याच्या मूल्याबरोबर वर-खाली होत असेल, तर करबचतही धंद्याइतकीच अनिश्चित होते. मग हॅरिस आणि प्रिंगल यांचे १९८५चे रूप वापरतात, ज्यात हे पद गळते :

```
βU = βE × E/(D + E) + βD × D/(D + E)
```

कर्जाचा बीटा शून्य ठेवून यात आकडे भरले, तर धंद्याचा बीटा ०.८० आणि नवा शेअर बीटा १.०७ येतो. कुठले सूत्र घ्यायचे, हे कर्जाच्या करारावरून ठरवावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मुदत कर्जाचे हप्ते आधी ठरलेले असतात, तेव्हा तिथे हमाडा जवळचा. कॅश क्रेडिटची ड्रॉइंग पॉवर, म्हणजे त्या वेळी किती रक्कम काढता येईल ती मर्यादा, हातातला माल आणि गिऱ्हाइकांकडून येणे असलेल्या रकमेवर ठरते. धंदा आटला की ती आटते, म्हणून तिथे हॅरिस-प्रिंगल जवळचा. एकच पाप अक्षम्य आहे : एका सूत्राने अनलिव्हर करून दुसऱ्याने रिलिव्हर करणे. ०.८० हा आकडा घेऊन त्यावर १.२५ चा गुणक लावला तर १.०० येतो, आणि तो कुठल्याच गृहीतकात बसत नाही. तोट्यातल्या कंपनीत २५ टक्के कर धरणेही असेच पोकळ. करच भरायचा नसेल तर व्याजावर त्या वर्षी बचत कसली?

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या नोंद नसलेल्या कंपनीला स्वतःचा बीटा नसतो. तिच्यासाठी त्याच धंद्यातल्या चार-पाच नोंदलेल्या कंपन्यांचे बीटा, प्रत्येकीच्या स्वतःच्या प्रमाणाने आणि कराने, वेगवेगळे अनलिव्हर करतात. मग त्यांतला मध्यक घेऊन या कंपनीच्या प्रमाणावर रिलिव्हर करतात. एकत्र सरासरी बीटा आणि एकत्र सरासरी प्रमाण घेऊन एकदाच भागणे सोयीचे वाटते, पण एखादी फार कर्जबाजारी कंपनी सगळा आकडा ओढून नेते. इथे E चा पेच उरतोच. इक्विटीचे मूल्य काढायला बीटा हवा आणि बीटा काढायला इक्विटीचे मूल्य हवे. व्यवहारात यावर दोन वाटा आहेत. एक म्हणजे त्या उद्योगाचे नेहमीचे कर्ज-प्रमाण लक्ष्य म्हणून धरणे. दुसरी म्हणजे अंदाजी मूल्याने सुरुवात करून आलेले उत्तर पुन्हा E च्या जागी भरणे. आकडे वेडेवाकडे नसतील तर चार-पाच फेऱ्यांत मूल्य स्थिरावते. फेऱ्यागणिक ते दूर पळू लागले, तर ठरलेले कर्ज या धंद्याला पेलण्यासारखे आहे का, हे आधी तपासावे लागते.